आधी फिरवा, मग ढकला: मॅट्रिक्सचा गुणाकार आलेख कागदावर

मॅट्रिक्सचा गुणाकार आपण बारावीतच पाठ केलेला असतो. डाव्या हाताचं बोट आडवं सरकतं, उजव्या हाताचं उभं, गुणा, बेरीज करा, पुढचं घर. मीही तसंच केलं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. मग डेटा सायन्सच्या पहिल्या सत्रात एका प्रॅक्टिकलला चित्र आधी फिरवून मग तिरकं करायचं होतं. दोन्ही मॅट्रिक्स बरोबर लिहिल्या, गुणाकारही बरोबर केला, आणि चित्र भलतीकडेच गेलं. प्रोग्रामने एरर दिली नाही. कुठे चुकलं हे मला दोन दिवस कळलं नाही, कारण बोटं चालवता येत होती, पण बोटं तशीच का चालवायची हे माहीत नव्हतं.

शेवटी सुटका झाली ती आलेख कागदामुळे. येवल्याला मामांकडे पैठणीच्या नक्षीचे ग्राफ लहानपणापासून बघत आलो होतो. एकेक चौकोन मोजून मोर उतरवायचा. त्या रविवारी नाशिकला खोलीवर तोच उद्योग मॅट्रिक्ससाठी केला. तो क्रम खाली जसाच्या तसा देतो. वाचून सोडू नका, पेन हातात घ्या. सगळं मिळून तासाभराचं काम आहे.

## काय काय लागेल

- आलेख कागदाची दोन-तीन पानं (१ सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे १ एकक धरा)
- ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा आणि एक टाचणी
- लाल आणि निळं पेन, पेन्सिल, पट्टी
- चार-पाच वह्या, एकावर एक रचायला
- शेवटच्या पायऱ्यांसाठी पायथन आणि नमपाय असलेला कोणताही संगणक

## १. पताका आणि दोन बाण काढा

कागदाच्या मध्यावर मूळ बिंदू घ्या. तिथून उजवीकडे १ एकक लांबीचा लाल बाण काढा, त्याचं टोक (१, ०) वर येईल. वर १ एककाचा निळा बाण काढा, टोक (०, १) वर. आता पेन्सिलने एक पताका काढा. काठी मूळ बिंदूपासून (०, ३) पर्यंत सरळ उभी. कापड त्रिकोणी: (०, ३), (२, २) आणि (०, १) हे त्याचे तीन कोपरे.

```
.  .  .  *  .  .  .
.  .  .  *  #  ^  .
.  .  .  *  .  .  .
.  .  .  +  .  .  .
```

इथे `+` म्हणजे मूळ बिंदू, `*` काठी, `#` कापड आणि `^` पताकेचं टोक. पताकाच का, चौरस का नाही? चौरस फिरवला तरी चौरसच दिसतो, काय झालं ते कळत नाही. पताकेला वर-खाली आहे, डावं-उजवं आहे, त्यामुळे चूक झाली की ती लगेच चुगली करते.

आता टोक (२, २) कडे नीट बघा. तिथे पोचायचं तर लाल बाणाइतकं दोनदा चालायचं आणि निळ्या बाणाइतकं दोनदा. पताकेचा प्रत्येक बिंदू असा "इतके लाल, इतके निळे" या भाषेत सांगता येतो. पुढचा सगळा खेळ या एका वाक्यावर उभा आहे.

## २. मॅट्रिक्स म्हणजे दोन बाणांचे नवे पत्ते

ट्रेसिंग पेपरवर पताका आणि दोन्ही बाण उतरवून घ्या. मूळ बिंदूवर टाचणी टोचा आणि ट्रेसिंग पेपर घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवा. लाल बाण आता वर बघतो, टोक (०, १). निळा डावीकडे बघतो, टोक (−१, ०). हे दोन पत्ते उभे, शेजारी शेजारी लिहा: पहिल्या स्तंभात लाल, दुसऱ्यात निळा.

```
R = | 0  -1 |
    | 1   0 |
```

झाली फिरवण्याची मॅट्रिक्स. सूत्र पाठ करायची गरज नाही. बाण कुठे गेले ते बघा आणि लिहा.

दुसरी क्रिया ढकलण्याची, तिला पुस्तकात शिअर म्हणतात. वह्यांची चळत टेबलावर ठेवा आणि बाजूने हलकेच ढकला. तळाची वही जागेवर राहते, तिच्या वरची थोडी सरकते, सगळ्यात वरची सर्वात जास्त. हे ट्रेसिंग पेपरने करता येत नाही (कागद तिरका होत नाही, चुरगळतो), म्हणून आलेखावर ओळीने करा: उंची १ वरचे बिंदू १ घर उजवीकडे, उंची २ वरचे २ घरं, उंची ३ वरचे ३ घरं. लाल बाण जमिनीवर पडलेला आहे, तो हलत नाही: (१, ०). निळ्याचं टोक उंची १ वर आहे, ते (१, १) ला जातं.

```
S = | 1  1 |
    | 0  1 |
```

आता मॅट्रिक्स बिंदूवर कशी चालते? पताकेचं टोक दोन लाल आणि दोन निळे होतं. ढकलल्यावरही ते दोन लाल आणि दोन निळेच राहतं, फक्त लाल-निळे आता नवे आहेत: २ × (१, ०) आणि २ × (१, १), बेरीज (४, २). घरं मोजून सरकवलं तरी तेच उत्तर येतं. उंची २, म्हणून २ घरं उजवीकडे, (२, २) चं (४, २).

हे जमतं कारण या क्रियांमध्ये सरळ रेषा सरळ राहते, समांतर रेषा समांतर राहतात, आणि टाचणी निघत नाही. म्हणून दोन बाणांचे पत्ते कळले की अख्ख्या कागदाचं काय झालं ते कळतं.

टाचणीचं लक्षात ठेवा, तिथेच या पद्धतीची मर्यादा आहे. पताका उचलून आहे तशी तीन घरं पलीकडे ठेवायची असेल तर २ × २ च्या कोणत्याही मॅट्रिक्सने ते होत नाही, कारण मूळ बिंदू मूळ बिंदूवरच राहतो. डेटामधून सरासरी वजा करणं हे असलंच उचलून ठेवणं आहे. म्हणून ते वजाबाकीने वेगळं करतात.

## ३. दोन क्रिया एकापाठोपाठ करा

आधी फिरवा, मग ढकला. पताकेचं सध्या विसरा, फक्त दोन बाणांचा पाठलाग करा.

लाल बाण: फिरवल्यावर (०, १) ला गेला. आता तो ढकलायचा आहे. (०, १) म्हणजे शून्य लाल आणि एक निळा, आणि S मध्ये निळ्याचा पत्ता (१, १). लालचा अंतिम पत्ता (१, १).

निळा बाण: फिरवल्यावर (−१, ०). म्हणजे उणे एक लाल, शून्य निळा. S मध्ये लाल (१, ०) वरच असतो, म्हणून निळ्याचा अंतिम पत्ता (−१, ०).

दोन अंतिम पत्ते शेजारी लिहा:

```
SR = | 1  -1 |
     | 1   0 |
```

आता बारावीच्या पद्धतीने S आणि R चा गुणाकार करून बघा. हेच येतं. म्हणजे गुणाकार करताना तुम्ही दुसरं काही करत नव्हता: उजव्या मॅट्रिक्सने बाण जिथे नेले, तिथून डावीने त्यांना पुढे कुठे नेलं, एवढंच टिपत होता. दोन क्रियांचा प्रवास एका मॅट्रिक्समध्ये मावला.

पताका आता SR ने हलवा. टोक (२, २) जातं २ × (१, १) आणि २ × (−१, ०) च्या बेरजेला, म्हणजे (०, २) ला. काठीचा शेंडा (०, ३) जातो (−३, ०) ला.

```
.  .  .  .  .  .  .
.  .  .  ^  .  .  .
.  .  #  .  .  .  .
*  *  *  +  .  .  .
```

काठी डावीकडे आडवी पडली आणि कापडाचं टोक मूळ बिंदूच्या बरोबर वर आलं. विश्वास बसत नसेल तर दोन टप्प्यांत करा: फिरवल्यावर टोक (−२, २), उंची २ म्हणून २ घरं उजवीकडे, (०, २).

## ४. ओळ आणि स्तंभाचा नियम इथूनच येतो

माझा सगळ्यात मोठा प्रश्न हा होता: पत्ते तर स्तंभात आहेत, मग गुणताना डावीकडची ओळ का धरायची?

लालचा अंतिम पत्ता काढताना आपण S चे दोन स्तंभ घेतले आणि R मधल्या (०, १) च्या मापाने मिसळले. त्या पत्त्याचा फक्त पहिला आकडा हवा असेल, म्हणजे आडवं अंतर, तर S च्या दोन्ही स्तंभांचे फक्त पहिले आकडे लागतील. ते कुठे आहेत? दोन्ही वरच्या ओळीत, शेजारी शेजारी. म्हणून S ची वरची ओळ (१, १) घेऊन R च्या पहिल्या स्तंभाशी (०, १) गुणायची: १ × ० + १ × १ = १. उभं अंतर हवं तर खालची ओळ (०, १): ० × ० + १ × १ = १. मिळून (१, १), आपल्या लालचा पत्ता.

ओळ हा फक्त हिशोबाचा सोयीचा रस्ता आहे, अर्थ स्तंभात आहे. ब्रिटिश गणिती आर्थर केली यांनी १८५८ साली मॅट्रिक्सवरच्या आपल्या निबंधात हा गुणाकार मांडला, तोही याच कारणाने: एका बदलानंतर दुसरा बदल केला तर मिळणारा एकत्र बदल कसा लिहायचा. क्रमाने चालण्यासाठी नियम बनला. आपल्याला शाळेत नियम आधी दिला जातो आणि चालणं राहूनच जातं.

आकारांची अटही इथेच उलगडते. डाव्या मॅट्रिक्सचे स्तंभ आणि उजवीच्या ओळी सारख्याच का हव्यात? उजवी मॅट्रिक्स जितक्या आकड्यांचा पत्ता देते, तितके स्तंभ डावीकडे मिसळायला हवेत. उजवीने तीन आकडे दिले आणि डावीकडे दोनच स्तंभ असले, तर तिसरा आकडा कशाला गुणायचा?

## ५. क्रम उलटा करून बघा

आता आधी ढकला, मग फिरवा. लाल बाण ढकलल्यावर (१, ०) वरच, फिरवल्यावर (०, १). निळा ढकलल्यावर (१, १), फिरवल्यावर (−१, १).

```
RS = | 0  -1 |
     | 1   1 |
```

टोक (२, २) आता (−२, ४) ला जातं, शेंडा (०, ३) जातो (−३, ३) ला.

```
.  ^  .  .  .  .  .
*  #  .  .  .  .  .
.  *  .  .  .  .  .
.  .  *  .  .  .  .
.  .  .  +  .  .  .
```

मघाशी काठी आडवी पडली होती, आता तिरकी उभी आहे. कारण साधं आहे. ढकलणं उंची बघून सरकवतं. आधी फिरवलं तर काठी आडवी होते, तिला उंचीच उरत नाही, मग ढकलण्याचा तिच्यावर परिणाम शून्य. आधी ढकललं तर उभ्या काठीला पूर्ण धक्का बसतो, आणि मग ती तिरकी काठी फिरते.

वाचण्याचा सापळा असा: SR असं लिहिलेलं दिसलं की डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि "आधी S" असं वाटतं. पण बिंदू उजव्या टोकाला उभा असतो, `S R v` असा, आणि त्याला पहिली भेटते ती जवळची R. म्हणून उजवीकडून डावीकडे वाचा. माझ्या प्रॅक्टिकलमध्ये नेमकं हेच झालं होतं. C, S आणि R अशा तीन मॅट्रिक्स असतील तर आधी कोणत्या दोन गुणायच्या याची मुभा आहे, (CS)R आणि C(SR) एकच. जागा बदलायची मुभा नाही.

एक पडताळा सांगतो. मूळ कापडाचा पाया २ आणि उंची २, म्हणजे क्षेत्रफळ २ चौकोन. फिरवण्याने क्षेत्रफळ बदलत नाही, ढकलण्यानेही नाही (वह्या तेवढ्याच राहतात). तेव्हा वरच्या दोन्ही चित्रांत कापड २ चौकोनच भरलं पाहिजे. पहिल्या चित्रात पाया (−३, ०) ते (−१, ०) आणि उंची २, बरोबर. क्षेत्रफळ वेगळं आलं तर कुठेतरी आकडेमोड चुकली आहे. मात्र क्रमाची चूक या पडताळ्यात सापडत नाही, कारण क्षेत्रफळ SR चं आणि RS चं एकच येतं.

## ६. हेच नमपायमध्ये

बिंदू उभे, स्तंभात लिहा: काठीचा तळ, शेंडा, टोक, आणि कापडाचा खालचा कोपरा.

```python
import numpy as np
R = np.array([[0, -1], [1, 0]])
S = np.array([[1, 1], [0, 1]])
P = np.array([[0, 0, 2, 0],
              [0, 3, 2, 1]])
print(S @ R @ P)
```

उत्तर:

```
[[ 0 -3  0 -1]
 [ 0  0  2  0]]
```

स्तंभ वाचा: (०, ०), (−३, ०), (०, २), (−१, ०). कागदावरची पताका.

इथे पहिला खड्डा `@` ऐवजी `*` लिहिण्याचा. `S * R` म्हणजे समोरासमोरच्या घरांचा गुणाकार. आकार सारखे असल्याने एरर येत नाही, आणि हे मिळतं:

```
[[ 0 -1]
 [ 0  0]]
```

याचे स्तंभ पत्ते म्हणून वाचा. लाल बाण (०, ०) ला, म्हणजे गायबच. निळा (−१, ०) ला. सगळे बिंदू आडव्या अक्षावर येऊन पडणार, पताका इस्त्री केल्यासारखी एका रेषेत चपटी होणार. चित्र असं चपटं दिसलं तर आधी `*` शोधा.

## ७. डेटा ओळीत असतो, तेव्हा सगळं उलटतं

कागदावर सगळं समजूनही मी इथे पुन्हा अडकलो होतो, आणि वर्गातले बरेच जण अजून अडकतात. गणिताच्या वहीत बिंदू उभा असतो. डेटा सायन्समध्ये टेबलची एक ओळ म्हणजे एक नोंद, म्हणजे बिंदू आडवा. आपली पताका टेबल म्हणून आली तर ती `P.T` अशी असेल, ४ ओळी आणि २ स्तंभांची; तिला `D` म्हणू. `S @ R @ D` लिहिलं तर आकार जुळत नाहीत, एरर येते. ती एरर बरी, निदान ओरडून सांगते. मग घाईत आपण मॅट्रिक्स उजवीकडे नेतो:

```python
D = P.T
print(D @ (S @ R))      # चुकीचं
print(D @ (S @ R).T)    # बरोबर
```

"चुकीचं" लिहिलेली ओळही विनातक्रार चालते. पण टोक (०, २) ऐवजी (४, −२) ला जातं आणि काठी डावीकडे पडण्याऐवजी उजवीकडे पडते. कारण आडवा बिंदू उजव्या मॅट्रिक्सला भेटतो तेव्हा तो तिच्या ओळी मिसळतो, स्तंभ नाही. आपले पत्ते तर स्तंभात होते. म्हणून मॅट्रिक्स आडवी-उभी पालटून, `.T` लावून वापरायची.

सुटं सुटं लिहायचं तर `D @ R.T @ S.T`. इथे आधी फिरवणं, मग ढकलणं, आणि वाचायचंही डावीकडून उजवीकडे. पालटल्यावर क्रम उलटतो तो यामुळेच: बिंदू उजव्या टोकावरून डाव्या टोकाला आला, म्हणून त्याला पहिली भेटणारी मॅट्रिक्सही बाजू बदलते. कोणाचाही कोड वाचताना मी आधी एवढंच बघतो की डेटा `@` च्या कोणत्या बाजूला उभा आहे. त्यावरून क्रम ठरतो.

टेबलमध्ये लाखभर ओळी असतील तर `S @ R` एकदाच करून ठेवा. दोन लहान मॅट्रिक्सचा गुणाकार फुकटात होतो, आणि मग लाखभर ओळींवर दोनदा चालण्याऐवजी एकदाच चालावं लागतं.

## ८. स्वतः एक करून बघा

आरशाची मॅट्रिक्स M घ्या, डावं-उजवं अदलाबदल करणारी: लाल (−१, ०) ला, निळा (०, १) वरच. ती आणि R, दोन्ही क्रमांनी गुणा. बाणांचा पाठलाग करूनच करा, बोटं चालवून नको.

आधी आरसा, मग फिरवणं केलं तर टोक (−२, −२) ला यायला हवं. आधी फिरवणं, मग आरसा केलं तर टोक (२, २) वरच सापडेल. तेव्हा काहीच झालं नाही असं समजून खोडू नका, मी खोडलं होतं. त्या क्रियेत आडवं आणि उभं अंतर आपसांत बदलतात, आणि टोकाची दोन्ही अंतरं नेमकी सारखी आहेत. काठीचा शेंडा बघा, तो (०, ३) वरून (३, ०) ला गेलेला असेल.